शून्य रुपयांच्या रकान्यात काय काय दडतं?

1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यासाठी दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज उचललं होतं, हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. त्याच काळात सरस्वतीबाई फाळके कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करत होत्या, कलाकारांचे कपडे धूत होत्या, फिल्मच्या पट्टीला छिद्रं पाडण्याच्या कामातही त्यांचा हात होता. या मेहनतीबद्दल त्यांना कुणी पगार दिला नाही. पण डाळ-तांदूळ वाण्याकडून विकतच आणावे लागत होते.

मित्रमंडळींना जमवून, कॅमेरा मागून आणून शॉर्टफिल्म करणाऱ्या आजच्या मुलामुलींचं बजेट नेमकं इथेच फसतं. माणसं फुकट, कॅमेरा मित्राचा, घर मावशीचं, म्हणून तक्त्यात एकाखाली एक शून्यं मांडली जातात. खाली कपड्यांचे दोन हजार, जेवणाचे तीन हजार, एकूण पाच हजार. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी ते पाच हजार संपतात आणि मग दिग्दर्शकाचं एटीएम कार्ड हेच फिल्मचं बजेट होऊन बसतं.

यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक बाबीपुढे रकमेचे तीन रकाने करायचे. पहिल्यात बाजारभाव, म्हणजे ही गोष्ट भाड्याने किंवा मोबदला देऊन घेतली असती तर किती लागले असते. दुसऱ्यात प्रत्यक्ष हातातून जाणारी रक्कम. आणि तिसऱ्यात, ऐन वेळी ती गोष्ट मिळाली नाही तर पडणारा खर्च. पहिला रकाना भरला की कोण किती देतंय ते कळतं, आणि आभार कुणाचे आधी मानायचे तेही. पैसे जमवायचे ते दुसऱ्यावरून. झोप उडवतो तो तिसरा.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, पुण्यात दहा मिनिटांची एक फिल्म करायची आहे. एक फ्लॅट, त्याचा जिना आणि खालची चहाची टपरी, एवढ्यातच गोष्ट घडते. तीन कलाकार आणि नऊ जणांचं युनिट, एकूण बारा माणसं. इथले दर नमुन्यादाखल धरले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावात दोन-तीन ठिकाणी विचारून ते बदलायचे. आकडेमोडीची रीत तीच राहते.

पहिला प्रश्न पैशांचा नसून दिवसांचा आहे. ‘दोन दिवसांत उरकू’ असं ठरवून सगळे मोकळे होतात, पण ते दोन दिवस आले कुठून हे कुणी सांगू शकत नाही. ते काढावे लागतात शॉटच्या यादीवरून. या फिल्मच्या यादीत 46 शॉट आहेत. कॅमेरा हलवणं, लाइट लावणं, तालीम, तीन-चार टेक, असं धरलं तर नवख्या युनिटला एका शॉटला अर्धा तास सहज लागतो. म्हणजे 23 तास. सकाळी आठला जमून रात्री आठला सुटायचं म्हटलं तरी सामान मांडणं, जेवण आणि आवराआवर वगळून हातात आठ तास उरतात. थोडक्यात, दोन नव्हे, तीन दिवस.

तिसऱ्या दिवसाची किंमत लगेच मांडता येते: जेवणखाण 2,700 रुपये, प्रवास 1,300, साउंडवाल्याचे 4,000. एकूण 8,000. आता दिग्दर्शकाने यादी पुन्हा हातात घ्यायची. पात्र जिना चढतं ते चार शॉटमध्ये दाखवायलाच हवं का? फोनवरचं बोलणं एका लांब शॉटमध्ये बसणार नाही का? 46 चे 32 झाले की काम 16 तासांवर येतं आणि दोन दिवसांत मावतं. बजेट तयार करताना झालेली ही काटछाट सेटवर रात्री नऊ वाजता होणाऱ्या काटछाटीपेक्षा शहाणी असते. सेटवर वेळ संपला की हाती असेल तो शॉट जातो, मग तो महत्त्वाचा असो वा नसो.

ख्रिस्तोफर नोलनने ‘फॉलोइंग’ या 1998 सालच्या पहिल्या चित्रपटासाठी हेच गणित वेगळ्या बाजूने सोडवलं होतं. त्याची मंडळी नोकऱ्या करणारी होती, म्हणून शूटिंग शनिवार-रविवार बघून वर्षभर चाललं. सगळ्यात महाग गोष्ट होती ती कच्ची फिल्म. ती वाचवण्यासाठी नाटकासारख्या भरपूर तालमी करून घेतल्या आणि एक-दोन टेकमध्ये शॉट संपवले. तालमीला खर्च नव्हता, टेकला होता.

दिवस ठरले की जेवण. बिनपगारी युनिटच्या बजेटात ही सर्वांत पक्की बाब, कारण दिवसाच्या शेवटी माणसाच्या हातात पडणारी हीच एक गोष्ट असते. तक्त्यात ‘जेवण: 3,000’ असा गोल आकडा दिसला तर तो मनाने टाकलेला आहे असं खुशाल समजावं. खरा आकडा गुणाकारातून येतो. नाश्ता-चहा 45, दुपारची थाळी 130, संध्याकाळचा चहा-वडापाव 45, म्हणजे माणशी 220. बारा माणसं, दोन दिवस: 5,280. पहिल्या दिवशी उशीर होणारच, त्या रात्रीच्या जेवणाचे माणशी 100 प्रमाणे 1,200. पाण्याचे चार जार 220. झाले 6,700.

एक्सेलमध्ये माणसांची संख्या एकाच चौकटीत लिहून बाकीचे हिशोब तिला जोडावेत. समजा `B2` मध्ये माणसं, `B3` मध्ये दिवस आणि `B4` मध्ये माणशी खर्च असेल, तर सूत्र एवढंच:

```
=B2*B3*B4
```

असिस्टंटने ‘माझे दोन मित्र मदतीला येतायत’ म्हटलं की बाराचे चौदा करायचे. मदतीला दिवसाचे 440 रुपये पडतात हे त्याच क्षणी समोर दिसतं.

आता मागून आणलेला कॅमेरा. तो बहुतेकदा लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मित्राचा असतो. भाड्याने घेतला असता तर लेन्स आणि लाइटसकट दोन दिवसांचे 12,000 धरू. दुसऱ्या रकान्यात शून्य. पण तिसऱ्या रकान्यात पुन्हा 12,000, कारण लग्नसराईत मित्राला ऑर्डर आली की कॅमेरा तिकडे जाणार आणि जायलाही हवा. ते त्याचं पोट आहे. म्हणून शूटिंगच्या तारखा पंचांगातल्या लग्नाच्या तारखा पाहून धराव्यात. सामान घेताना सीरियल नंबर लिहून फोटो काढावेत, लेन्सवर आधीचा चरा असेल तर तो मालकाला तिथेच दाखवावा. काही पडलं-फुटलं तर दुरुस्ती कुणी करायची, हेही घेतानाच बोलून ठेवावं. लेन्स हातातून निसटल्यावर हे बोलणं अवघड जातं.

कॅमेरा फुकट मिळाला तरी त्याची पिल्लं विकत घ्यावी लागतात: एक्स्टेन्शन बोर्ड, चिकटपट्ट्या, प्रकाश परतवायला थर्माकोलचे तक्ते, खिडक्या झाकायला काळं कापड. अशा किरकोळ सामानाचे 2,500.

एक गोष्ट मात्र मागून आणूच नये, ती म्हणजे हार्ड डिस्क. कॅमेरे 4K चित्रण पुष्कळदा सेकंदाला 100 मेगाबिटच्या वेगाने साठवतात. म्हणजे मिनिटाला पाऊण जीबी. 32 शॉट, प्रत्येकी चार टेक, टेक सरासरी दीड मिनिटाचा धरला तर 192 मिनिटं होतात आणि 144 जीबी जागा लागते. याची दुसरी प्रत हवीच, आणि ती दुसऱ्या घरात हवी. मित्र-एडिटर फावल्या वेळात काम करणार, त्याला चार-सहा महिने लागणार, आणि तेवढ्यात डिस्कचा मालक ती परत मागणार. दोन डिस्कचे 10,000 हा या तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा आहे. पुष्कळ जण नेमका तोच गाळतात.

पैसे देऊन एकच माणूस घ्यायचा तर कुठला? या उदाहरणात साउंडवाला निवडला आहे, त्याच्या सामानासकट दोन दिवसांचे 8,000. अंधुक चित्र ‘मूड’ म्हणून खपून जातं. खालच्या रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये बुडालेला संवाद खपत नाही. मग डबिंगसाठी कलाकारांना पुन्हा बोलवा, स्टुडिओ घ्या, असं शेपूट लांबतं. रॉबर्ट रॉड्रिग्जचा ‘एल मारियाची’ सुमारे 7 हजार डॉलरमध्ये झाला, असं कौतुकाने सांगतात. त्याचा मागून आणलेला कॅमेरा इतका आवाज करायचा की चित्रणासोबत आवाज घेताच येईना. संवाद वेगळे टेपवर घेऊन नंतर एकेक जुळवावे लागले. शिवाय तो आकडा रॉड्रिग्जच्या खिशातल्या खर्चाचा आहे. थिएटरमध्ये लावण्याजोगी प्रत तयार करायला कोलंबिया कंपनीने पुढे त्याच्या कितीतरी पट पैसे घातले.

बाकीच्या बाबी भराभर मांडता येतात. फक्त एक लक्षात ठेवायचं: वस्तू टेकच्या हिशोबाने मोजायच्या. पात्राच्या हातून कप फुटतो, तर चार टेकसाठी चार कप आणि एक जास्तीचा. शर्टावर चहा सांडतो, तर तसेच तीन शर्ट. मावशीच्या फ्लॅटचंही भाडं नाही, पण विजेचं बिल, साफसफाई आणि चिकटपट्टीबरोबर निघालेला भिंतीचा रंग यांचे पैसे बाजूला काढावे लागतात. आता दुसरा रकाना असा दिसतो:

- जेवणखाण: 6,700
- प्रवास, टेम्पो, रात्रीच्या रिक्षा: 3,000
- कॅमेरा-लाइटचं किरकोळ सामान: 2,500
- साउंड: 8,000
- दोन हार्ड डिस्क: 10,000
- कपडे, वस्तू: 3,500
- फ्लॅटची वीज, सफाई, रंग: 2,500
- साउंड मिक्सिंग: 6,000
- महोत्सवांची प्रवेश फी: 5,000

बेरीज 47,200. त्यावर अडीअडचणीसाठी दहा टक्के धरले की 51,900. पहिल्या रकान्यात याच्या भरीला बिनपगारी युनिटचे 32,000, कलाकारांचे 12,000, कॅमेरा-लाइटचे 12,000, फ्लॅटचे 10,000 आणि एडिटिंगचे 15,000 येतात. म्हणजे मंडळींनी 81,000 रुपयांची भर घातली. खरी फिल्म एक लाख 32 हजार 900 रुपयांची आहे.

या यादीत चित्रपटातलं गाणं नाही. चहाच्या टपरीवरच्या रेडिओवर जुनं गाणं वाजतंय, हा मोह दिग्दर्शकाला होतोच. पण त्यासाठी गाण्याच्या रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे, दोन्ही हक्क विकत घ्यावे लागतात आणि ती रक्कम या सगळ्या बजेटला गिळू शकते. मित्राने केलेलं संगीत वापरायचं तर त्याची लेखी परवानगी घ्यायची. टपरी सार्वजनिक रस्त्यावर असेल तर परवानगीसाठी कुठे आणि किती भरावं लागतं तेही आधी विचारायचं. मुंबईसह राज्यातल्या शूटिंगसाठी गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ एक खिडकी योजना चालवतं.

‘पुढे पैसे आले तर देऊ’ असं कुणाला सांगितलं असेल, तर त्याच्या नावापुढे शून्य लिहायचं नाही. ती उधारी आहे. रक्कम आणि अट लिहून वेगळी ठेवायची, नाहीतर महोत्सवात बक्षीस मिळालं की चार जणांना चार वेगळी वचनं आठवतात.

शूटिंग संपल्यावर तक्त्यात आणखी एक रकाना येतो: प्रत्यक्ष खर्च. बिलं एका पाकिटात साठवून रोज रात्री तो भरायचा. आपल्या उदाहरणात जेवणाचे 6,700 धरले होते, समजा लागले 7,600. कारण मावशी आणि वॉचमनकाका दोन्ही दिवस युनिटसोबतच जेवले, आणि त्यांना ताटावर बोलावलं नसतं तर बरं दिसलं नसतं. पुढच्या फिल्मच्या तक्त्यात जेवणाच्या ओळीपुढे माणसं 14 लिहिली जातील, यादीतली नावं बाराच राहिली तरी.