जिभेची वळणं : राळे गेले, घोडे आले

मुलांना ‘र’ इतक्या उशिरा का येतो ते या वेळी सांगायचं, असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. तो विषय पुढच्या अंकावर ढकलला आहे. कारण लकडगंजातून एका वाचकाचा प्रश्न आला आणि त्याने अख्खा हप्ताच मागून घेतला.

हे वाचक आरामशीन चालवतात. घराणं कच्छचं आहे. घरात गुजराती, गिऱ्हाइकांशी हिंदी आणि मराठी, अशी त्यांची दिवसभराची बोली. मागच्या हप्त्यातले ‘काळे राळे’ त्यांनी घरी म्हणून दाखवले, तेव्हा आईने, म्हणजे बांनी विचारलं, “हे आपल्या भाषेत कसं म्हणायचं?” मुलाने प्रयत्न केला आणि अडकला. मग त्याने लिहिलं : ‘कच्चा पापड, पक्का पापड’ आमच्याकडे लहानपणापासून ‘काचो पापड, पाको पापड’ म्हणून चालतो. पापड गुजरातीत गेला, मग राळे का जात नाहीत?

प्रश्न फार नेमका आहे. दोन वाक्यांना एकाच तराजूत घातल्यामुळे उत्तर अर्धंअधिक त्यातच आलं आहे.

आधी पापड. या वाक्यात जीभ अडते ती पापडाच्या अर्थामुळे नव्हे. ‘कच्चा’मध्ये आधी क आणि मग च येतो. ‘पक्का’मध्ये आधी प आणि मग क. म्हणजे तोच क एका शब्दात सुरुवातीला उभा आहे आणि दुसऱ्यात मधे. वर प्रत्येक वेळी पुढे ‘पापड’चा प तयार होऊन बसलेला असतो. वेग वाढला की डोक्यात पुढच्या शब्दाची जुळवाजुळव आधीच सुरू होते आणि प आपल्या वेळेआधी तोंडात येतो. म्हणून बहुतेकांच्या तोंडून ‘पच्चा पापड’ निघतो किंवा दोन्ही वेळा ‘कच्चा’च येतो.

आता ‘काचो, पाको’ पाहा. संस्कृत ‘पक्व’चं प्राकृतात ‘पक्क’ झालं. पुढे गुजरातीने जोडाक्षर एकेरी केलं आणि आधीचा स्वर लांबवला, जसं ‘सप्त’चं ‘सत्त’ आणि त्याचं आपल्याकडेही ‘सात’ झालं. स्वर बदलले, पण क-च, प-क हा सांगाडा जिथल्या तिथे राहिला. पापड तर दोन्हीकडे पापडच. म्हणजे गुजरातीत या वाक्याचं भाषांतर झालेलंच नाही; सख्ख्या बहिणींकडे एकच वडिलोपार्जित चीजवस्तू असावी तसा हा प्रकार आहे. इंग्रजीत नेऊन कच्च्या आणि भाजलेल्या पापडाला तिथले शब्द लावले की सांगाडा मोडतो. उरतं ते पापडाविषयीचं एक निरर्थक विधान.

हीच अदलाबदल वापरून २०१३ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधक स्टेफनी शॅटक-हफनागेल यांच्या गटाने इंग्रजीतलं एक जीभवळण तयार केलं होतं : ‘पॅड किड पोअर्ड कर्ड पुल्ड कॉड’. अर्थ जवळजवळ शून्य. शब्दांची सुरुवात मात्र प, क, प, क, प, क अशी आणि प्रत्येक शब्दाचा शेवट ड वर. हे दहा वेळा भरभर म्हणून दाखवणाऱ्याला बक्षीस देऊ, असं त्या म्हणाल्या होत्या. लकडगंजातल्या पापडाशी या वाक्याचं नातं उघड दिसतं.

राळ्यांचा घाट निराळा आहे. ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ यात झगडा र आणि ळ यांचा. र म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला ओझरतं टेकतं. ळ म्हणताना तेच टोक मागे वळून टाळूला लागतं, पुढे फटकतं आणि हवा जिभेच्या कडांनी सुटते. एकाच टोकाला दोन कामं, दोन जागा आणि मधे सवड नाही. त्यातही रचना कशी हुशार आहे पाहा. ‘काळे राळे’मध्ये दोन्ही शब्द ळे वर संपतात, त्यामुळे जिभेला चाल कळल्यासारखी वाटते. लगेच ‘गोरे’ येऊन ती चाल मोडतो. घसरण तिथेच होते : ‘गोळे राळे’, नाहीतर ‘गोरे रारे’.

हे वाक्य मराठीच्या घरातच सगळीकडे सारखं चालत नाही. नागपूर जिथे वसलं आहे तिथून पश्चिमेला वऱ्हाडात गेलं की अस्सल बोलीत ळ चा य होतो : डोळा तो डोया, काळा तो काया. पूर्वेला झाडीपट्टीत ळ च्या जागी र येतो. लकडगंजातल्या कुठल्याही आरामशीनवर दोन्हीकडची माणसं भेटतात. वऱ्हाडी तोंडात हे ‘काये राये, गोरे राये’ होतं. य ला जिभेचं टोक लागतच नाही, त्यामुळे र ला प्रतिस्पर्धी उरत नाही. झाडीत ‘कारे रारे, गोरे रारे’ झालं की सगळीकडे एकटा र, म्हणजे भांडणच मिटलं. शब्द तेच, अर्थ तोच, धान्यही तेच, आणि तरी वळण गेलं. एका भाषेच्या दोन बोलींत जे टिकत नाही ते दोन भाषांत अर्थाच्या आधाराने टिकेल, ही आशाच सोडावी.

गुजरातीत मात्र ळ आहे, र आहे, ‘काळा’ आणि ‘गोरा’ही आहेत. नाहीत ते राळे. त्या धान्याला गुजरातीत ‘कांग’ म्हणतात. त्यात ना र, ना ळ. बांचा मुलगा अडकला तो इथे. तो धान्य शोधत होता, आणि शोधायचा होता तो आवाज.

म्हणून प्रस्तुत लेखक एका दुपारी आरा बंद असताना त्यांच्याकडे जाऊन बसला. फळ्यांच्या थप्पीला टेकून, भुशाच्या वासात, तिघांनी मिळून गुजराती वाक्य घडवलं. ते कसं घडलं ते क्रमाने सांगण्यासारखं आहे.

ठेवायचं काय, हे आधी ठरवलं. धान्य सोडलं. दोन रंग ठेवले, एकच नाम पुन्हा पुन्हा येणं ठेवलं आणि शेवटचं मिसळणं ठेवलं. कारण गुजरातीत मिसळण्याला ‘भळवुं’ म्हणतात आणि त्यात आयता ळ आहे.

मग नाम. पहिल्यांदा ‘गोळा’ सुचला : ‘काळा गोळा, धोळा गोळा, गोळामां गोळा भळ्या’. धोळा म्हणजे पांढरा, आपल्या ढवळ्या बैलाचा भाऊ. ऐकायला छान. बांनी पाच वेळा म्हटलं आणि एकदाही अडल्या नाहीत. अडणार कशा? सगळीकडे ळ, जीभ एकदा वळली की त्याच वळणावर धावत राहते. यमक साधलं, वळण नाही. पुस्तकांतली कितीतरी वाक्यं याच जातीची असतात. काकांनी काकूंचे कागद कात्रीने कराकरा कापले, यात अनुप्रास भरपूर आहे, पण क नंतर क म्हणायला जिभेला कष्ट कसले?

तेव्हा ळ ला जवळचा शत्रू हवा होता. तो ड मध्ये मिळाला. दोन स्वरांच्या मधला ड म्हणताना जीभ ळ सारखीच मागे वळते आणि फटकते; फरक इतकाच की हवा कडांनी सुटत नाही. र पेक्षाही हा शेजारी जवळचा. ‘घोडा’ आला :

‘काळा घोडा, गोरा घोडा, घोडामां घोडा भळ्या.’

इथे बांनी मान हलवली. “घोडो गोरो नो होय, धोळो होय.” गोरं माणूस असतं, घोडा धोळाच. लेखकाने गोरा केवळ मराठीतून उचलून आणला होता. बांनी बदललेला एक शब्द साऱ्या कामाला पुरला :

‘काळा घोडा, धोळा घोडा, घोडामां घोडा भळ्या.’

‘धोळा’ आणि ‘घोडा’ शेजारी ठेवून पाहा. स्वर तेच. सुरुवातीला दोन्हीकडे हकार मिसळलेला आवाज, एकीकडे दातांशी ध तर दुसरीकडे जिभेच्या मुळाशी घ. शेवटी ळ आणि ड, एकाच जागेचे. एका जोडीत दोन अदलाबदली मांडल्या गेल्या. आणि ‘काळा घोडा’ने चाल लावून दिल्यावर ‘धोळा’ तिला धक्का देतो, जसा आपल्याकडे ‘गोरे’ देतो. बांनी तिसऱ्या फेरीला ‘धोडा घोडा’ म्हटलं. मुलगा ‘घोळा’वर घसरला.

परीक्षा अशीच घ्यायची असते. वाक्य न थांबता लागोपाठ पाच वेळा म्हणवून घ्यायचं आणि चूक कुठे होते ते टिपायचं. निरनिराळी माणसं एकाच जागी अडली तर ते खरं वळण. प्रत्येक जण वेगळीकडे अडला तर वाक्य नुसतं लांब आहे किंवा शब्द अनोळखी आहेत. म्हणणारा त्या भाषेतच वाढलेला हवा. आरामशीनवरच्या एका हिंदीभाषक कामगाराने हेच वाक्य ‘काला घोड़ा, धोला घोड़ा’ असं सरळ म्हणून टाकलं. त्याच्या बोलण्यात ळ नाही, म्हणून तो अडला नाही. त्याच्यासाठी ल आणि ड़ एकमेकांपासून पुरेसे लांब आहेत.

उलट बाजूनेही हेच घडतं. ‘रेड लॉरी, यलो लॉरी’ इंग्रजांना छळतं, कारण त्यांचा र जिभेचं टोक कुठेही न टेकवता होतो आणि ल च्या फार जवळ जातो. मराठी माणूस आपला खणखणीत र लावून ते पुष्कळ सहज म्हणतो. त्याचं भाषांतर ‘लाल ट्रक, पिवळा ट्रक’ असं केलं, तर ते इतवारीच्या रस्त्यावरचं रोजचं दृश्य होईल, आणखी काही नाही. मराठीत त्याची जोड हवी असेल तर ती र-ळ मध्ये किंवा ळ-ड मध्ये शोधायची. रंग आणि गाड्या सोडून द्यायच्या.

बांच्या घोड्यांवर मराठी वाचकांनीही जीभ चालवून पाहावी. आपल्याकडे ळ आणि ड दोन्ही आहेत. ज्यांच्या घरी कोकणी, कानडी, तेलुगू किंवा छत्तीसगढी बोलली जाते त्यांनी राळ्यांसाठी आपापलं वाक्य घडवून पाठवावं आणि घरातली किमान तीन माणसं नेमक्या कुठल्या अक्षरावर अडली ते सोबत लिहावं. मुलांचा ‘र’ पुढच्या आठवड्यात.