विश्लेषण : सपोर्ट चॅटवर माणूस आहे की बॉट? कसे ओळखाल?

‘नमस्कार, मी प्रिया. काय मदत करू?’ असे विचारणारी ‘प्रिया’ खरीच आहे का, हे नावावरून कळत नाही. टायपिंगचे तीन ठिपके बॉटलाही मुद्दाम दाखवता येतात. सरळ विचारून पाहावे; अनेक बॉट खरे सांगतात. उत्तर टाळले गेले, तर थोडे आडून विचारावे लागते.

कोणते प्रश्न विचारावेत?

समजा, नव्या मिक्सरचा जार फुटका निघाला. ‘मला रिफंड नको, फक्त जार बदलून हवा,’ असे लिहा. जुन्या पद्धतीचा बॉट वाक्य समजून घेत नाही, ठरावीक शब्द शोधतो. ‘नको’कडे त्याचे लक्षच नसते, ‘रिफंड’ दिसला की तो रिफंडचे नियम पाठवतो. वाक्य फिरवून लिहिल्यावरही अक्षरशः तेच उत्तर आले, तर शंका पक्की होत जाते.

भाषा-मॉडेलवर चालणारा नवा बॉट मात्र इथे फसत नाही. त्याला विषयाबाहेरचे काम सांगावे : ‘तोवर या मिक्सरवर चार ओळींची कविता करा.’ माणूस गोंधळेल, हसण्यावारी नेईल. बॉट काही सेकंदांत कविता हजर करू शकतो. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ मध्ये ‘डीपीडी’ या कुरिअर कंपनीच्या बॉटने ग्राहकाच्या सांगण्यावरून स्वतःच्याच कंपनीची टर उडवणारी कविता लिहिली होती! कंपनीला तो भाग बंद करावा लागला. अर्थात, बॉटला विषयाचे कुंपण घालता येते. त्यामुळे कवितेला नकार मिळाला म्हणजे समोर माणूसच आहे, असे नाही.

अंदाज कुठे चुकतो?

बहुतेकदा उलट्या बाजूने. सपोर्टमधला कर्मचारी एका वेळी अनेक चॅट सांभाळतो आणि तयार उत्तरे एका क्लिकवर पाठवतो. तो बॉटसारखाच वाटतो. म्हणून ‘माझ्या वरच्या दुसऱ्या मेसेजमध्ये काय बिघडले आहे म्हटले?’ असे विचारा. माणूस थांबतो, वर जाऊन वाचतो आणि तुटक का होईना, स्वतःच्या शब्दांत लिहितो. शिवाय चॅट मध्येच बॉटकडून माणसाकडे किंवा उलटही जाते, तेव्हा ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.

फरक कशाने पडतो?

आश्वासनाने. ‘एअर कॅनडा’च्या बॉटने एका प्रवाशाला सांगितले, की नातेवाईकाच्या निधनानिमित्त मिळणारी सवलत तिकीट काढल्यापासून ९० दिवसांत मागता येईल. कंपनीच्या नियमात प्रवासानंतर तशी सवलत नव्हती. बॉटच्या उत्तराला आपण जबाबदार नाही, हा कंपनीचा बचाव ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. प्रवाशाच्या हाती पुरावा होता तो त्या चॅटचा स्क्रीनशॉट.