सहा सेकंद कुठे गेले?

एका साडीच्या दुकानाच्या वेबसाइटचा पेजस्पीड इनसाइट्सचा अहवाल समोर आहे असं समजू. स्क्रीनशॉटमध्ये LCP, म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागलेला वेळ, 6.2 सेकंद आहे. तो अडीच सेकंदांच्या आत हवा. TBT आणि CLS मात्र हिरव्या रंगात आहेत, तेव्हा त्यांच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

सूचनांमध्ये सर्वांत ठळक आकडा फोटोंचा: 1,400 केबी वाचतील. मालक लगेच फोटो बारीक करायला बसतो. पण त्यातले बहुतेक फोटो पानाच्या तळाशी आहेत. ते हलके झाले तरी वरचा बॅनर लवकर उमटेलच असं नाही.

खरी माहिती LCPच्या तपशिलात असते. ती ओळ उघडूनच स्क्रीनशॉट घ्यावा, बंद ओळीतून काही कळत नाही. इथे सर्व्हरच्या उत्तराला 1.1 सेकंद, बॅनर मागवायला सुरुवात होईपर्यंत 2.6, तो उतरायला 1.9 आणि रंगवायला 0.6.

म्हणजे सर्वाधिक वेळ नुसता वाट पाहण्यात गेला! कारण बॅनरच्या टॅगवर `loading="lazy"` लागलं होतं. ते काढून `fetchpriority="high"` लिहिणं हे पाच मिनिटांचं काम, म्हणून पहिला क्रमांक त्याचा. दुसरा बॅनरच्या वजनाचा. सर्व्हर तिसरा, कारण त्यासाठी होस्टिंगवाल्याच्या मागे लागावं लागतं.

अहवालातल्या बचतींची बेरीज मात्र करू नये, त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर चाचणी तीन-चारदा चालवून मधला आकडा धरावा.