धावणाऱ्याचे वजन किती?

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या एका विद्यार्थिनीला विज्ञान अचूक असलेल्या अवकाशपटांची यादी हवी होती. मी तिला एकच चित्रपट सुचवला आणि त्यातलाही एकच प्रसंग. स्टॅनली कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटात फ्रँक पूल हा अंतराळवीर गोल, फिरत्या दालनात हवेत ठोसे मारीत धावतो, तो प्रसंग. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि भौतिकी जुन्या पाठ्यपुस्तकांतून स्वतःच गिरवलेली. म्हणून असेल, पण चित्रपटातल्या चुका मोजण्यापेक्षा त्यातल्या एका दृश्याकडून उत्तरे काढून घेणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

अवकाशयानात वजन जाणवत नाही. ते निर्माण करायचे तर दालन फिरवायचे. आतल्या माणसाचे शरीर सरळ रेषेत जाऊ पाहते, जमीन त्याला सतत आत वळवते, आणि तळव्यांवर येणारा तो दाब वजनासारखा भासतो. किती, हे एका साध्या नियमाने कळते : वेगाचा वर्ग करा आणि त्याला त्रिज्येने भागा.

चित्रपटासाठी बांधलेले चक्र ३८ फूट व्यासाचे होते, म्हणजे त्रिज्या सुमारे ५.८ मीटर. एका फेरीला लागणारा वेळ आर्थर क्लार्क यांच्या त्याच नावाच्या कादंबरीतून घेऊ : दहा सेकंद. तेव्हा जमिनीचा वेग सेकंदाला ३.६ मीटर होतो. उभ्या माणसाची कंबर जमिनीपासून मीटरभर वर, म्हणजे मध्यापासून ४.८ मीटरवर असते. शरीराचे सरासरी वजन तिथल्या त्वरणावरून धरले, तर ते १.९ येते. पृथ्वीवर हा आकडा ९.८ आहे आणि चंद्रावर १.६. कादंबरीत या दालनातले वजन चंद्रावरच्याइतके सांगितले आहे; हिशेब त्याच्या जवळ जातो.

आता पूलला धावू द्या. सावकाश धावणारा माणूस सेकंदाला तीन मीटर जातो. तो चक्राच्या दिशेने धावला, तर दोन्ही वेगांची बेरीज होऊन त्याचे पाय ६.६ मीटर वेगाने फिरतात. कंबरेशी त्वरण ६.३ होते, पृथ्वीवरच्या वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश. तोच माणूस उलट दिशेने धावला, तर वेग वजा होतात, उरतो ०.६ मीटर. त्वरण जवळपास शून्य. दोन-तीन पावलांतच त्याचे पाय जमिनीवरून सुटतील आणि तो तरंगू लागेल. एकाच दालनात, एकाच वेगाने, केवळ दिशा बदलल्याने एवढा फरक पडतो.

पडद्यावर पूलची चाल पृथ्वीवरच्यासारखीच दिसते, कारण ते प्रचंड चक्र स्टुडिओत फिरत होते आणि नट गॅरी लॉकवुड तळाशीच पळत राहिला होता. वजन खरे, पृथ्वीचे. तरीही चक्राच्या दिशेने धावतो असे मानले, तर दृश्य फारसे खोटे ठरत नाही. खोटे ठरतात ते शांत प्रसंग. त्याच दालनात जेवताना आणि चालताना ही माणसे पृथ्वीवरच्यासारखी वावरतात. तिथे वजन पाचव्या हिश्श्याइतके असायला हवे.

मग चक्र जोरात फिरवायचे? उभ्या माणसाच्या कंबरेशी पृथ्वीइतके वजन हवे, तर एक फेरी ४.४ सेकंदांत व्हावी लागेल, म्हणजे मिनिटाला जवळजवळ चौदा फेऱ्या. फिरत्या खोलीत मान वळवली की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिका गोंधळतात. अमेरिकी नौदलाने पेन्साकोला येथे फिरत्या खोलीत केलेल्या प्रयोगांत मिनिटाला दहा फेऱ्यांच्या सुमारास बहुतेकांना मळमळीने हैराण केले. उपाय एकच, त्रिज्या वाढवायची. आणि तेवढे मोठे चक्र यानात नेणे परवडत नाही.

ताडून पाहण्याची सोयही आहे. १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकात अंतराळवीर गोल भिंतीवरच्या कपाटांच्या कड्यावरून पळाले. ते स्थानक फिरत नव्हते. पळणाऱ्याच्या स्वतःच्या वेगानेच त्याला वजन मिळत होते. थांबला की ते संपले. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. विद्यार्थिनीला मी सांगितले ते असे : दोन्ही दृश्ये शेजारी लाव आणि दोन पावलांच्या मधे पाय हवेत किती काळ राहतात, ते मोज. वजन कमी असेल, तर उडी मारलेला माणूस खाली यायला वेळ घेतो. नटाला ते लपवता येत नाही, कॅमेऱ्यालाही नाही.