उमराचा हिशेब : रियालचे रुपये कोणत्या भावाने?

अम्मींच्या उमराचा खर्च आम्ही तिघा भावंडांनी सारखा वाटून घ्यायचा ठरवला होता. तिथला सगळा खर्च सोबत गेलेल्या धाकट्या भावाने केला. परतल्यावर भाईजाननी वहीतल्या रियालची बेरीज केली, ती 1650 आली. मोबाईलवर त्या दिवशीचा भाव 23.10 होता. गुणाकार करून त्यांनी 38,115 रुपये सांगितले. धाकटा काही बोलला नाही, पण त्याच्या खिशातून जास्त गेले होते.

मग आम्ही वहीत तारखांचा एक तक्ता आखला. भाव बाजाराचा नाही, आपल्याला पडलेला धरला. 25 फेब्रुवारीला मुंबईत 1150 रियाल घेतले, करासह 26,910 रुपये दिले. भागाकार केला तर एक रियाल 23.40 ला पडला. ते संपल्यावर 4 मार्चला मदीनेत एटीएममधून 600 रियाल काढले. बँकेच्या आकारासह खात्यातून 14,310 रुपये गेले, म्हणजे भाव 23.85.

नियम एकच ठेवला. खर्चाच्या तारखेआधीचा किंवा त्याच दिवसाचा, तक्त्यातला शेवटचा भाव लावायचा. 26 आणि 28 फेब्रुवारीचे मिळून 750 रियाल 23.40 ने 17,550 रुपये झाले. ही फेब्रुवारीची बेरीज. 2 मार्चचे 400 रियालही 23.40 नेच धरले, कारण नवा भाव अजून लागला नव्हता. त्यांचे 9,360 झाले. 5 मार्चचे 500 रियाल 23.85 ने 11,925. मार्चची बेरीज 21,285. दोन्ही महिने मिळून 38,835 रुपये, म्हणजे प्रत्येकी 12,945. आधीच्या हिशेबात 720 रुपये कमी पडत होते आणि ते एकट्या धाकट्याच्या अंगावर जात होते.

हिशेब बरोबर आहे का, हे पाहायला सोपी पडताळणी आहे. दोन्ही वेळा मिळून 41,220 रुपये गेले. हाती 100 रियाल उरले, त्यांचे 23.85 ने 2,385. ते वजा केले की बरोबर 38,835 उरतात. जुळले नाही, तर बहुधा एटीएममधून काढलेली रक्कमही खर्चात लिहिलेली असते आणि मग तेच पैसे दोनदा मोजले जातात. काही पावत्यांवर हिजरी तारीख असते. ती तशीच उतरवली तर खर्च भलत्याच महिन्यात जातो, म्हणून शेजारी इंग्रजी तारीख त्याच दिवशी लिहावी.

सौदी रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 या दराने बांधलेला आहे. म्हणून आपल्याकडचा रियालचा बाजारभाव हलतो तो रुपया आणि डॉलर यांच्यातल्या चढउतारामुळे. त्यावर कर आणि बँकेचा आकार चढतो. मोबाईलवरच्या भावात हे दोन्ही दिसत नाहीत.

भाईजाननी तक्ता पाहिला आणि आपल्या वाट्याचे उरलेले 240 रुपये तिथेच धाकट्याच्या हातावर ठेवले.