मस्ट, मे आणि ‘चालेल’

नववीच्या इंग्रजी सराव-पुस्तिकेत सहज सापडेल असा एक प्रश्न घेऊ. ‘यू ___ ब्रिंग अ डिक्शनरी. द टीचर हॅज वन फॉर एव्हरीबडी.’ खाली चार पर्याय: मस्ट, मस्ट नॉट, नीड नॉट, कॅन नॉट. बरोबर उत्तर नीड नॉट. बाईंकडे सगळ्यांपुरते शब्दकोश आहेत, तेव्हा घरून आणायची गरज नाही. तरीही ‘मस्ट नॉट’वर खूण करणारी मुलं कोणत्याही वर्गात निघतात, आणि त्यात अभ्यासू मुलंही असतात. त्यांचा हिशेब सरळ असतो. मस्ट म्हणजे आवश्यक, नॉट म्हणजे नाही. दोन्ही मिळून ‘आवश्यक नाही’. बेरीज बिनचूक दिसते, पण इंग्रजीत ‘मस्ट नॉट’चा अर्थ होतो ‘अजिबात आणायचा नाही’. गरज नसणं आणि मनाई असणं यांत किती अंतर आहे, हे परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल नेणाऱ्याला विचारावं.

हे प्रकरण मुलांना इतर व्याकरणापेक्षा जड का जातं, याचं कारण पर्यायांच्या रूपातच आहे. काळावरचा प्रश्न पाहा: ‘शी ___ टु स्कूल एव्हरी डे’, पर्याय गो, गोज, गोइंग, गॉन. वाक्याचा अर्थ धड कळला नाही तरी ‘शी’ दिसल्यावर मुलगा गोज निवडतो, कारण बाकीचे तीन तिथे बसतच नाहीत. मोडल क्रियापदांत ही सोय नाही. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड ही नऊ क्रियापदं कर्ता कोणीही असो, बदलत नाहीत. त्यांना एस लागत नाही, आणि त्यांच्यापुढे मूळ क्रियापद तसंच्या तसं येतं. शी कॅन गो, शी मस्ट गो, शी मे गो ही तिन्ही वाक्यं व्याकरणाच्या दृष्टीनं शुद्ध आहेत. म्हणजे रूप पाहून एकही पर्याय खोडता येत नाही. उत्तर ठरतं ते फक्त अर्थावर. आणि तो अर्थ गाळलेल्या जागेत नसतो, शेजारच्या वाक्यात असतो. आपल्या प्रश्नात सगळं वजन ‘द टीचर हॅज वन फॉर एव्हरीबडी’ या दुसऱ्या वाक्यावर आहे. ते झाकून ठेवलं तर चारही पर्याय बरोबर ठरतात.

मग शेजारच्या वाक्यातून अर्थ कळला, तरी पर्याय कसा ओळखायचा? इथे मराठीतलं रोजचं ‘चालेल’ फार कामाला येतं. शब्दकोश आणला तरी चालेल: ही परवानगी, म्हणजे मे किंवा कॅन. आणला नाही तरी चालेल: हे नीड नॉट, बोलण्यात डोन्ट हॅव टू. आणलेला चालणार नाही: हे मस्ट नॉट. आणि न आणलेला चालणार नाही: हे मस्ट. चार वाक्यांत मिळून एकच क्रियापद आहे. बदलतो तो फक्त नकार, आणि तो कशाला जोडला आहे ते. ‘आणणं’ नाकारलं की ‘चालणं’ नाकारलं, एवढाच खेळ. ‘मस्ट नॉट’मध्ये ‘नॉट’ दिसतं ‘मस्ट’ला चिकटलेलं, पण अर्थानं ते पुढच्या क्रियापदाचं असतं: न आणणं सक्तीचं आहे. ‘नीड नॉट’मध्ये मात्र नकार खरोखरच गरजेला लागतो. मुलांची बेरीज बिघडते ती इथे.

ही काही शिकवणीतली क्लृप्ती नव्हे. फिनलंडचे तत्त्वज्ञ गेओर्ग हेन्रिक फॉन राइट यांनी १९५१ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात कर्तव्याच्या तर्कशास्त्रावर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी परवानगी हीच मूळ कल्पना धरली आणि सक्तीची व्याख्या तिच्यावरून केली: जी गोष्ट न करण्याची परवानगी नाही, ती सक्तीची. ‘न आणलेला चालणार नाही’ हे त्याचंच घरगुती रूप. सक्ती आणि परवानगी असे दोन धडे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या चौकटींत छापलेले असतात, म्हणून मुलांना त्या दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

शक्यतेचा धडाही याच साच्यातला आहे, फक्त ‘चालेल’च्या जागी ‘शक्य’ घालायचं. शेजारच्या घरात दिवे लागलेत, टीव्हीचा आवाज येतोय: ‘दे मस्ट बी ॲट होम’. घरी नसणं शक्य नाही. दाराला कुलूप आहे, पेपर तीन दिवस उंबऱ्यावर पडून आहेत: ‘दे कान्ट बी ॲट होम’. असणं शक्य नाही. दिवा एकच लागलाय आणि आवाज कसलाच नाही: ‘दे मे बी ॲट होम’. असणं शक्य आहे, नसणंही शक्य आहे. आता मधल्या वाक्याकडे पुन्हा पाहा. तर्काच्या ‘मस्ट’चा नकार ‘मस्ट नॉट’ होत नाही, ‘कान्ट’ होतो. कुलूप पाहून ‘दे मस्ट नॉट बी ॲट होम’ लिहिणारा मुलगा नियमानं चालला होता, पण शाळेच्या परीक्षेत त्याचं उत्तर चूक धरलं जाईल. आज्ञेचा मस्ट आणि अंदाजाचा मस्ट एकाच कपड्यातले दोन भाऊ आहेत. नकाराची वेळ आली की वेगळे ओळखू येतात.

मराठी बोलणाऱ्या मुलांची आणखी एक ठराविक चूक ‘शकतो’पाशी होते. मला पोहता येतं म्हणून मी नदी पार करू शकतो, तू आता घरी जाऊ शकतोस, आज पाऊस येऊ शकतो. पहिल्यात क्षमता, दुसऱ्यात परवानगी, तिसऱ्यात शक्यता. इंग्रजीत पहिल्या दोहोंना कॅन चालतो, म्हणून मुलं तिसऱ्यालाही तोच लावतात आणि ‘इट कॅन रेन टुडे’ लिहितात. इथे मे, माइट किंवा कुड हवं. कॅन शक्यतेसाठी वापरता येतो, पण तो नेहमीच्या स्वभावाबद्दल बोलताना. डिसेंबरात महाबळेश्वरला ‘इट कॅन गेट व्हेरी कोल्ड’ हे अगदी ठीक, कारण तो त्या जागेचा गुण झाला. आज दुपारी ढग पाहून अंदाज करायचा असेल तर कॅन बाद. प्रश्नात ‘टुडे’, ‘धिस इव्हनिंग’, ‘लुक ॲट दोज क्लाउड्स’ असं काही दिसलं की एका विशिष्ट वेळेबद्दल बोलणं चाललंय, हे हेरायचं.

भूतकाळाचं थोडक्यात सांगतो. ‘आय मिस्ड द बस, सो आय ___ वॉक होम’ इथे मस्ट बसत नाही, कारण सक्तीच्या मस्टला स्वतःचा भूतकाळ नाही. ‘हॅड टू’ घ्यावं लागतं, म्हणजे आपलं ‘चालत जावं लागलं’. ‘मस्ट हॅव वॉक्ड’ हे मात्र ‘चालतच गेला असणार’ असा अंदाज झाला.

इथवर चुका मुलांच्या. आता प्रश्न काढणाऱ्यांच्या. ‘___ आय गो टु द वॉशरूम?’ पर्याय मे, कॅन, मस्ट, शुड, उत्तरसूचीत मे. ज्यानं कॅन लिहिलं त्याचा गुण गेला. पण इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे ते लोक परवानगी मागताना कॅन सर्रास वापरतात. मे अधिक औपचारिक, इतकाच फरक. प्रश्नात ‘औपचारिक’ हा शब्द नसेल, समोर मुख्याध्यापक आहेत की मित्र हेही सांगितलं नसेल, तर दोन उत्तरं बरोबर आहेत आणि प्रश्न रद्द करायला हवा. तीच गत मे आणि माइट एकाच प्रश्नात ठेवणाऱ्यांची. पुस्तकं सांगतात माइटमध्ये शक्यता कमी, पण ती किती कमी हे एका वाक्यावरून कोणीच ठरवू शकत नाही.

असा प्रश्न दुरुस्त करायचे दोन रस्ते आहेत. ‘यू ___ वेअर अ हेल्मेट’, पर्याय मस्ट, शुड, मे, नीड नॉट, असा प्रश्न आला आहे असं समजू. उत्तर मस्ट अपेक्षित आहे. पुढे ‘इट इज द लॉ’ हे वाक्य जोडलं की मे आणि नीड नॉट गळतात, कारण कायद्यानं जे सांगितलं ते ऐच्छिक नसतं. पण शुडचं काय? कायदा आहे म्हणून घालावं, असा सल्ला कोणी देऊ शकतं. त्या मुलाला चूक म्हणायला आपल्यापाशी पुरावा नाही. म्हणून दुसरा रस्ता: वाक्य तसंच ठेवून पर्यायांतून शुड काढायचा आणि तिथे माइट ठेवायचा. आता उत्तर एकच उरतं. काढणाऱ्यानं प्रत्येक चुकीचा पर्याय वाक्यात घालून त्याची वकिली करून पाहावी. वकिली जमली तर तो पर्याय चुकीचा नाही.

प्रश्न सदोष आहे की मुलांची समजूत, हे उत्तरपत्रिकांवरूनही कळतं, फक्त बरोबर किती एवढंच न मोजता कोणी काय निवडलं ते मोजावं लागतं. समजा, ४० मुलांच्या वर्गात शब्दकोशाच्या प्रश्नाला १५ जणांनी नीड नॉट, १९ जणांनी मस्ट नॉट आणि उरलेल्या सहा जणांनी इतर दोन पर्याय घेतले, आणि एकूण परीक्षेत पुढे असलेली मुलं बहुतेक नीड नॉटमध्ये आहेत. प्रश्न चांगला आहे. १९ जणांची बेरीज दुरुस्त करायची आहे. वॉशरूमच्या प्रश्नात मात्र वरच्या दहा मुलांतली पाच मे आणि पाच कॅन अशी विभागली गेली, तर पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही. ती मुलं बरोबर आहेत.

दहावी-बारावीच्या कृतिपत्रिकेत उलट्या बाजूनंही विचारतात: अधोरेखित मोडलचं कार्य ओळखा, किंवा चारपैकी कोणत्या वाक्यात शक्यता दाखवणारं मोडल आहे ते सांगा. तिथेही ‘चालेल’ आणि ‘शक्य’ची चाचणी लागू पडते. वाक्यात ‘चालेल’ घालून पाहायचं. बसलं तर सक्ती किंवा परवानगी, नाही बसलं आणि ‘शक्य’ बसलं तर शक्यता. शुडचा सल्ला आणि कॅनची क्षमता या चाळणीत येत नाहीत, ती वेगळी पाठ ठेवावी.

इंग्रजीच्या अभ्यासकांनी १९६१ आणि १९९० च्या सुमाराचे दहा-दहा लाख शब्दांचे ब्रिटिश आणि अमेरिकन लेखनाचे संग्रह ताडून पाहिले आहेत. त्या तीस वर्षांत मस्ट, मे आणि शॅल यांचा वापर ठळकपणे घटला. आजच्या बोलण्यात मस्टच्या जागी बहुधा ‘हॅव टू’ ऐकू येतं. सराव-पुस्तिकांत मात्र शॅल अजून नियमानं येतो आणि ‘डोन्ट हॅव टू’ हा पर्याय शोधावा लागतो.