सलग टंकलिखित गझलसंग्रहाची शेरवार मांडणी

गझल लिहिणाऱ्या एका दिवंगत शिक्षकांचे टंकलिखित बाड काही दिवसांपूर्वी माझ्याकडे संपादनासाठी आले. कागद वाचवावा या हेतूने म्हणा, की टंकलेखकाला काव्यप्रकाराची ओळख नव्हती म्हणून म्हणा, सारा मजकूर गद्याप्रमाणे समासापासून समासापर्यंत सलग टंकित केलेला होता. ओळ कोठे संपते, शेर कोठे संपतो, एक गझल संपून दुसरी कोठे सुरू होते, याची एकही खूण त्यात नव्हती. विरामचिन्हेही नव्हती. कवीला विचारण्याची सोय उरलेली नसल्यामुळे जो निर्णय घ्यायचा तो मजकुराच्याच साक्षीने घेणे भाग होते. त्या कामात जी पद्धत हाती आली आणि जी एक चूक माझ्या हातून झाली, ती येथे नमूद करतो. मूळ रचना अद्याप अप्रकाशित असल्याने तशाच अडचणी दाखवणाऱ्या ओळी मी उदाहरणापुरत्या जुळवून घेतल्या आहेत. त्यांत काव्यगुण शोधू नये.

सलग मजकूर असा आहे, असे समजा :

दार मिटले आत वारा राहिला आवराया हा पसारा राहिला बोलणे सरले इशारा राहिला सोडले घर पण निवारा राहिला नाव माझी पार झाली शेवटी पाठमोरा तो किनारा राहिला राहिला नाही उजेडाचा ठसा एक डोळ्यांतील तारा राहिला चालते ही वाट रानामागुती पान गळते एक पानामागुती

प्रथम वारंवार येणारा शब्द शोधावा. येथे तो ‘राहिला’ आहे, आणि त्याच्या आधी ‘वारा, पसारा, इशारा, निवारा’ असे यमक साधणारे शब्द आहेत. म्हणजे ‘राहिला’ हा रदीफ आणि ‘आरा’ने संपणारे शब्द हे काफिये. काफिया आणि रदीफ जेथे जोडीने येतात तेथे ओळ संपते, असे धरून पेन्सिलीने उभ्या रेघा माराव्यात. पण एवढ्याने काम भागत नाही. शेराच्या वरच्या ओळीला, मतला सोडला तर, रदीफ नसतो. तेव्हा ‘नाव माझी’पासून ‘किनारा राहिला’पर्यंतचा तुकडा दोन ओळींचा आहे हे कळले, तरी तो मध्ये कोठे तोडावा हे रदीफ सांगत नाही. ते वृत्त सांगते.

पहिली ओळ मोजू. दार ३, मिटले ४, आत ३, वारा ४, राहिला ५ : एकूण १९ मात्रा. लगक्रम गालगागा, गालगागा, गालगा. आता वरील तुकडा मोजत गेल्यास ‘शेवटी’ या शब्दापाशी नेमक्या १९ मात्रा भरतात. ओळ तेथेच तुटते. अर्थावरून ओळ तोडण्याचा मोह होतो, परंतु अर्थ कधी कधी ओळीच्या मध्यावरच विसावतो. म्हणून आधी मात्रा मोजाव्यात आणि मग अर्थाने पडताळा घ्यावा.

माझी चूक ‘किनारा राहिला राहिला नाही’ अशा जागी झाली. लागोपाठ दोनदा आलेला शब्द ही टंकलेखकाची द्विरुक्ती समजून मी त्यातला एक खोडून टाकला, आणि पुढची ओळ ‘नाही उजेडाचा ठसा’ अशी लंगडी झाली. अर्थ कसाबसा लागत होता, म्हणून शंकाही आली नाही. दुसऱ्या वाचनात मोजले तेव्हा मात्रा १४ भरल्या. पाच कमी, आणि ‘राहिला’ या शब्दाच्या मात्रा बरोबर पाच! पहिला ‘राहिला’ हा वरच्या शेराचा रदीफ होता, दुसरा पुढच्या शेराचा आरंभ. कवीचा शब्द मीच पुसत होतो. तेव्हापासून, सर्व ओळी मोजून होईपर्यंत एकही अक्षर खोडायचे नाही, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

आता गझलेची सीमा. मतल्याच्या दोन्ही ओळींत रदीफ असतो, म्हणून तशी जोडी दिसली की नवी गझल सुरू झाली असे वाटते. तसे मानले तर ‘बोलणे सरले’पाशी नवा क्रमांक पडेल. परंतु तेथे काफिया, रदीफ आणि वृत्त ही तिन्ही आधीचीच आहेत. तो त्याच गझलेचा दुसरा मतला, ज्याला उर्दूत हुस्न-ए-मतला म्हणतात. याउलट ‘रानामागुती, पानामागुती’ येथे वृत्त तेच असले तरी काफिया आणि रदीफ दोन्ही पालटले. नवी गझल येथे सुरू होते.

यावरून मांडणी अशी होते :

१

दार मिटले, आत वारा राहिला
आवराया हा पसारा राहिला

बोलणे सरले, इशारा राहिला
सोडले घर, पण निवारा राहिला

नाव माझी पार झाली शेवटी
पाठमोरा तो किनारा राहिला

राहिला नाही उजेडाचा ठसा
एक डोळ्यांतील तारा राहिला

२

चालते ही वाट रानामागुती
पान गळते एक पानामागुती

यातील स्वल्पविराम माझे आहेत. संग्रहात ते घालायचे असल्यास निवेदनात तसे सांगावे.

पडताळ्याची रीत सोपी आहे. शेर चार आणि मतले दोन; म्हणून ओळी आठ आणि ओळीअखेरचे रदीफ चार अधिक दोन, म्हणजे सहा असले पाहिजेत. मूळ मजकुरात ‘राहिला’ सात वेळा येतो. सातवा ओळीच्या आरंभीचा. हिशेब जुळला. ओळींची संख्या विषम आली तर एखादी ओळ गळाली आहे किंवा दोन ओळी एक झाल्या आहेत. गळालेल्या ओळीच्या जागी टिंबांची रेघ द्यावी, स्वतःची ओळ घालू नये. सुरेश भट यांनी ‘गझलेची बाराखडी’त गझलेला किमान पाच शेर सांगितले आहेत. तेव्हा आमच्या उदाहरणासारखी चारच शेरांची गझल बाडात आढळल्यास मागचेपुढचे पान पुन्हा पाहावे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. काही गझलांत रदीफ नसतोच. तेथे केवळ काफिया आणि मात्रा यांवर विसंबावे लागते. एकाच जमिनीत, म्हणजे त्याच वृत्त, काफिया व रदीफात, लागोपाठ दोन गझला लिहिलेल्या असल्या तर मतल्यावरून सीमा ठरत नाही. मध्ये कवीचे टोपणनाव असलेला मक्ता आला तर तो आधार. तोही नसेल तर एकच क्रमांक देऊन तळटीपेत शंका नोंदवावी.

संगणकावर मांडताना शेरातील दोन ओळींमध्ये Shift+Enter आणि शेर संपल्यावर Enter वापरावे. म्हणजे प्रत्येक शेर हा एक परिच्छेद होतो आणि दोन शेरांमधील अंतर परिच्छेदाच्या मापात एकदाच, समजा ६ पॉइंट, ठरवता येते. रिकाम्या ओळी घालून अंतर सोडल्यास ते कोठे एक ओळ, कोठे दोन, असे विस्कटते. परिच्छेद पानाअखेर दुभंगू न देण्याची सोय असते तीही लावावी. शेराची एक ओळ या पानावर आणि दुसरी पुढच्या पानावर जाऊ नये. मजकूर डाव्या समासाला जुळवावा. दोन्ही बाजूंनी ताणून बसवला तर Shift+Enterने तोडलेल्या ओळीतील शब्द दूर दूर फेकले जातात.

क्रमांक गझलेला द्यावा, शेराला नको, आणि तो सर्वांत शेवटी द्यावा. उर्दू दिवाणांत रदीफाच्या अंत्याक्षरानुसार गझला लावण्याची जुनी प्रथा आहे. पण कवीने तसे सांगितलेले नसेल तर बाडातील क्रमच राखावा. प्रत्येक नव्या क्रमांकासमोर जुन्या पानाचा आकडा लिहिलेली एक यादी तयार करून ती मूळ बाडातच ठेवावी. माझ्यासारखी चूक छापून गेलीच, तर पुढच्या संपादकाला त्या यादीवरून मूळ ओळीपर्यंत परत जाता येईल.